पाठ-छातीवरचे मुरुम जाऊन पुन्हा येतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

तक्रार काय असते

सांगली-मिरजेकडच्या १४ ते २० वयाच्या मुलांची तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. चेहरा बराच निवळलाय, पण पाठ तशीच आहे. दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, खांद्यांवर आणि छातीच्या मधल्या हाडावर पुटकुळ्या आहेत. काहींना काळी टोकं आहेत, काही लाल आणि पुवाच्या, तर काही कातडीच्या आत दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी. बनियन काढताना चिकटतो, त्यावर पुवाचे नाहीतर रक्ताचे बारीक डाग दिसतात. उताणं झोपलं की टोचतं. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि ट्यूब संपली की पुन्हा तेच. एप्रिल-मेच्या उन्हात वाढतं आणि पावसाळ्यात कपडे दमट राहू लागले की पुन्हा वाढतं.

यातली 'पुन्हा येतं' ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. एकतर घासणारा ओला कपडा रोज अंगावर आहे, किंवा ते मुरुमच नाहीत, किंवा औषध बरोबर आहे पण पुरेसं लागत नाही. चौथी शक्यता अशी की आजार मोठा आहे आणि त्याला पोटातून औषध लागतं. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी करू.

१. ओला कपडा अंगावर किती वेळ राहतो ते मोजा

नुसत्या घामानं मुरुम होत नाहीत. घाम, दाब आणि घासणं ही तिन्ही एकत्र आली की होतात. किशोरवयात तैलग्रंथी जोरात काम करतात आणि पाठीवर-छातीवर त्या मोठ्या असतात. ओल्या कपड्याखाली कातडीचा वरचा थर फुगतो, केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचं तोंड बंद होतं. वरून कपडा घासत राहिला की आधीच कोंडलेलं छिद्र आत फुटतं आणि लाल गाठ होते.

म्हणून किती घाम येतो हे विचारू नका. घाम आल्यानंतर तो कपडा किती वेळ अंगावर राहिला ते घड्याळ लावून बघा. सकाळी पोलीस भरतीच्या सरावाला पळणारा मुलगा सहाला घट्ट टी-शर्ट घालतो, साडेसातला पळणं संपतं, कट्ट्यावर गप्पा होतात आणि नऊ वाजता घरी आंघोळ होते. पळण्याचा वेळ दीड तास आणि त्यानंतर ओला कपडा अंगावर आणखी दीड तास. हा दुसरा दीड तास काढून टाकता येतो. सराव संपला की तिथंच टी-शर्ट काढायचा, पंचा पाण्यात पिळून पाठ-छाती टिपून घ्यायची, कोरडा सैल सुती शर्ट घालायचा. घासायचं नाही, टिपायचं. आंघोळ अर्ध्या तासात झाली तर उत्तम.

अंगाला चिकटणारे पॉलिएस्टरचे टी-शर्ट आणि आतून घालायचे घट्ट स्किन-टाइट कपडे सरावापुरतेच ठेवा. एकदा घातलेला कपडा वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा नाही, धुवायचाच. सरावासाठी दोनच टी-शर्ट असतील तर पावसाळ्यात ते वाळत नाहीत, म्हणून तिसरा घेणं हा औषधापेक्षा चांगला खर्च आहे.

तालमीतल्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. मातीत तेल, हळद, लिंबू, ताक असतं आणि सरावाआधी-नंतर मालिश असते. माती किंवा मालिश सोडा असं आम्ही सांगत नाही. सराव झाल्यावर माती अंगावर वाळू देऊ नका आणि मालिशचं तेल रात्रभर पाठीवर ठेवू नका, एवढं पाळा. मुरुम लागट नाहीत. पण कुस्तीत नायटा, पुवाचे फोड आणि तापाचे फोड एकाचे दुसऱ्याला लागतात. कडेला लाल रिंगण असलेला चट्टा किंवा पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुपका दिसला तर तो मुरुम समजून मॅटवर जाऊ नका.

२. सॅक आणि हेल्मेट

मुरुमांचा नकाशा बघा. खांद्यावरच्या पट्ट्याखालीच दाट असतील, किंवा सॅक टेकते तिथं चौकोनी पट्टा उमटला असेल, तर कारण पाठीवरच लटकतंय. ओल्या शर्टावर सॅक अडकवून मिरजेहून सांगलीला येणाऱ्या मुलाच्या पाठीला वारा लागतच नाही. महिनाभर सॅक गाडीच्या पुढं पायाशी ठेवा किंवा हातात धरा. नकाशा बदलला तर कारण सापडलं.

हेल्मेटचे मुरुम कपाळावर, हनुवटीच्या पट्ट्याखाली आणि मानेमागं येतात. मानेमागचे पुढं खांद्यांपर्यंत पसरतात, कारण केसांचं तेल घामाबरोबर खाली उतरतं. हेल्मेट सोडायचं नाही, ही गोष्ट वाटाघाटीची नाही. आतलं अस्तर निघत असेल तर आठवड्याला साबणानं धुऊन सावलीत वाळवा. निघत नसेल तर खाली पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाला आणि तो रोज धुवा. हनुवटीच्या पट्ट्याला मऊ सुती कापड गुंडाळता येतं, फक्त पट्टा ढिला होता कामा नये. मित्राचं हेल्मेट घालू नका. क्रिकेटच्या हेल्मेटला हेच लागू.

३. डोक्याचं तेल, घासणी आणि आंघोळीचा क्रम

खोबरेल तेल चोपडून सकाळी बाहेर पडायची सवय असेल तर तेल आंघोळीआधी तासभर लावा आणि धुऊन टाका. आंघोळीत आधी डोकं धुवा, डोकं पुढं झुकवून, म्हणजे शाम्पू आणि कंडिशनर पाठीवरून वाहणार नाहीत. पाठ सगळ्यात शेवटी धुवा.

प्लास्टिकची घासणी, दगड, मिठाचा किंवा साखरेचा स्क्रब हे सगळं बंद. आई पाठ घासून देते ते मायेनं, पण जितकं घासाल तितकी आतली गाठ फुटते आणि डाग गडद होतो. लिंबू, टूथपेस्ट, डेटॉलसारखी जंतुनाशकं, यांनी कातडी भाजते आणि मग मुरुमांवर भाजल्याचा डाग मिळतो. छातीवरचा मुरुम तर कधीच फोडू नका. छातीचं मधलं हाड आणि खांदे ही केलॉइडची, म्हणजे जखमेपेक्षा मोठ्या वाढणाऱ्या जाड व्रणाची, ठरलेली जागा आहे. तो व्रण मुरुमापेक्षा कितीतरी अवघड जातो.

४. हे मुरुमच आहेत का?

पहिल्या तीन गोष्टी दोन आठवडे पाळूनही फरक नसेल तर औषधाचे पैसे घालवण्याआधी ही तपासणी करा. इथंच सगळ्यात जास्त चूक होते.

खिडकीच्या उजेडात पाठ करून उभं राहा आणि भावाला फोटो काढायला सांगा. फोटो मोठा करून बघा. मुरुम असतील तर मिसळ दिसते: काळी टोकं, पांढरी टोकं, लाल फोड, एखादी गाठ, जुने डाग, सगळं एकाच वेळी. आकार वेगवेगळे असतात आणि दुखतं, पण फार खाजत नाही.

दुसरं चित्र असं. मोहरीएवढ्या, सगळ्या एकाच मापाच्या पुटकुळ्या, खांद्यांवर, पाठीच्या वरच्या भागात आणि छातीवर मांडल्यासारख्या. काळं टोक शोधूनही सापडत नाही. आणि खाज सुटते, विशेषतः घाम आल्यावर. हे मुरुम नव्हेत, केसांच्या मुळांत वाढलेलं यीस्ट आहे. ते आपल्या कातडीवर एरवीही असतं, तेल आणि ओल मिळाली की बळावतं. मुरुमांसाठी दिलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ते कमी होत नाही, उलट वाढतं, कारण गोळ्या त्याचे स्पर्धक जंतू मारतात. 'गोळ्या घेतल्यावर जास्त झालं' असं एखादा मुलगा सांगतो तेव्हा आधी हाच संशय घ्यावा.

त्यावर सोपा उपाय आहे. केटोकोनाझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू ओल्या पाठीवर-छातीवर फेस करून ५ मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. आठवड्यात तीनदा, चार आठवडे. खाज पहिल्या दोन आठवड्यांत उतरली तर निदान बरोबर होतं. काहीच फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पोटातून औषध लागू शकतं, ते स्वतः घ्यायचं नाही. दोन्ही आजार एकाच पाठीवर असणंही विरळ नाही.

उन्हाळ्यात येणाऱ्या घामोळ्या ओळखायला सोप्या: अगदी बारीक, टोचणाऱ्या, गार हवेत दोन-तीन दिवसांत विरणाऱ्या. त्यांना औषध नको, वारा हवा.

५. घरातल्या ट्यूब आणि जिममधले डबे

घरात जेवढ्या ट्यूब आहेत त्या टेबलावर ठेवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं नाव दिसलं तर ती ट्यूब पाठीवर लावायची नाही. ही स्टिरॉइड आहेत. खाजेसाठी, नायट्यासाठी किंवा गोरं होण्यासाठी म्हणून मिळणाऱ्या कितीतरी मिश्र मलमांत ती असतात. लावली की लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून गुण आला असं वाटतं. पण काही आठवड्यांत त्यांच्यामुळंच एकसारख्या लाल पुटकुळ्या येतात, सोडली की भडका उडतो आणि मुलगा पुन्हा तीच ट्यूब आणतो. महिनोन्‌महिने लावत असाल तर डॉक्टरांना सांगूनच थांबवा.

मग व्यायामाकडे या. व्हे प्रोटीन सुरू केल्यावर काही मुलांच्या पाठीवर मुरुम वाढतात. सगळ्यांच्या नाही. आठ आठवडे बंद करून अंडी, डाळ, उसळ, शेंगदाणे यावर भागवा आणि फोटोंची तुलना करा. फरक नसेल तर पावडरीला दोष देऊ नका. शरीर लवकर भरावं म्हणून कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या देत असेल तर मात्र ती बाब वेगळी. त्यातल्या पुरुष-संप्रेरकांनी पाठीवर फार वाईट, गाठींचे मुरुम उठतात आणि औषध कितीही दिलं तरी इंजेक्शन चालू असेपर्यंत ते हटत नाहीत. आईवडिलांनी हा प्रश्न रागावून विचारला तर खरं उत्तर मिळत नाही. डॉक्टरांसमोर मुलाला एकट्याला बोलू द्या.

६. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश

पाठीवरच्या मुरुमांसाठी घरी सुरू करण्यासारखं पहिलं खरं औषध हे. ट्यूबऐवजी वॉश का, याचा हिशेब बघा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सुरकुतीपर्यंत काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. खांदे आणि पाठीचा वरचा भाग मिळून आठ तळवे धरा. म्हणजे एका वेळी २ ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपते. एवढी कुणी लावत नाही, म्हणून मुलं दिसेल त्या मुरुमावर ठिपका लावतात. पण मुरुम दिसायच्या कितीतरी आधी छिद्र बंद झालेलं असतं, त्यामुळं शेजारी नवा येतच राहतो. वॉश सगळ्या भागाला एकदम लागतो.

५ टक्क्यांच्या आसपासचा घ्या, कातडी नाजूक असेल तर २.५ टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. मग पाठ ओली करायची, चमचाभर वॉश हातावर घेऊन पसरायचा, हात पोचत नसेल तिथं भावाची मदत घ्यायची. पहिला आठवडा एक दिवसाआड, एक मिनिट. दुसऱ्या आठवड्यापासून रोज, तीन ते पाच मिनिटं. बहुतेकांचं इथंच चुकतं: साबणासारखा लावून लगेच धुतात. औषधाला कातडीवर थांबायला वेळ हवा.

हे औषध कापडाचा रंग खातं. कॉलेजचा निळा शर्ट एका आठवड्यात फिक्या डागांचा होतो आणि मग घरात वाद होऊन औषधच बंद पडतं. पांढरा पंचा, पांढरा बनियन आणि पांढरी चादर वापरा, पाठ नीट धुवा, पूर्ण कोरडी करूनच रंगीत कपडा घाला.

थोडी लाली आणि कोंडा चालतो, मग एक दिवसाआड करा. कातडी सुजली, पाणी भरलेले फोड आले किंवा श्वासाला त्रास झाला तर तिथंच बंद, डॉक्टर.

एका पाठीचा हिशेब

समजा १८ वर्षांचा, ६० किलोचा मुलगा. सकाळी पळतो, दुचाकीवरून कॉलेजला येतो. दर रविवारी त्याच खिडकीत फोटो काढतो आणि खवाट्यांमधले फक्त उठलेले मुरुम मोजतो. सुरुवातीला ३४. कपडे बदलणं, सॅक पुढं ठेवणं आणि वॉश एकाच दिवशी सुरू. चौथ्या आठवड्यात २९. इथं मुलं सोडून देतात. खरं तर आधीच तयार झालेले मुरुम वर येत असतात, नव्यांची भर कमी झालेली असते. आठव्याला १६, बाराव्याला ८. आता वॉश तसाच चालू ठेवायचा. बंद केला तर महिन्या-दीड महिन्यात परत येतात.

मागं राहिलेले काळपट डाग या मोजणीत धरायचे नाहीत. मुरुम मऊ सपाट झाला, फक्त रंग उरला, तर तो डाग आहे. तो जायला कित्येक महिने लागतात आणि घासून जात नाही.

हाच आकडा बाराव्या आठवड्यातही ३० असता तर आणखी एक वॉश आणण्यात अर्थ नव्हता.

७. इथं थांबा, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा

बारा आठवडे नीट करून फरक नाही, गाठी मोठ्या आणि दुखऱ्या आहेत, खड्डे किंवा जाड व्रण पडायला लागलेत, यातलं एक असलं तरी जा. मुलगा मित्रांसमोर शर्ट काढत नाही, तालीम किंवा कृष्णेत पोहणं टाळतो, हेही पुरेसं कारण आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, खासगी फी परवडत नसेल तर तिथं दाखवा. वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि रविवारचे फोटो बरोबर न्या.

डॉक्टर साधारण या क्रमानं जातात. आधी रात्री लावायचं अ‍ॅडापलीन जेल, ज्यानं छिद्राचं तोंड मोकळं राहतं. त्यानं सुरुवातीला कातडी सोलते, म्हणून एक दिवसाआड सुरू करतात. पुढं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, बहुधा तीन महिन्यांहून जास्त नाही. ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायच्या, दुधाबरोबर नाही, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा पळण्याची वेळ पहाटेची ठेवा. गोळ्यांबरोबर बेन्झॉइल पेरॉक्साइड चालूच ठेवायला सांगतात, कारण नुसत्या अँटिबायोटिकला जंतू सरावतात. मेडिकलमधून आपल्या मनानं या गोळ्या घेऊन पाच दिवसांत सोडणं हे सगळ्यात वाईट.

खड्डे पडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन. एकूण मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागं १२० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. वरच्या ६० किलोच्या मुलाला कमीत कमी ७,२०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३० मिलिग्रॅमनं २४० दिवस, आठ महिने. म्हणून मध्येच सोडून चालत नाही. यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या लागतात. ओठ फाटतात, नाकातून रक्त येऊ शकतं, जोराच्या व्यायामानंतर अंग दुखतं. मूड एकदम उतरला तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवायचं. डॉक्सिसायक्लिन आणि हे औषध एकत्र घ्यायचं नाही, डोक्यातला दाब वाढू शकतो. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद. उपचार चालू असताना आणि संपल्यावर एक महिना रक्तदान नाही.

आणि एक परिस्थिती अशी आहे की तिथं आठवडे मोजत बसायचं नाही. पाठीवर-छातीवर अचानक खूप दुखणाऱ्या, रक्त येणाऱ्या, खपल्या धरलेल्या जखमा, त्याबरोबर ताप, सांधे किंवा हाडं दुखणं आणि गळून जाणं. हे मुख्यतः किशोरवयीन मुलांतच होतं. कधी आयसोट्रेटिनॉइन सुरू केल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत, तर कधी स्नायू वाढवायच्या इंजेक्शनांमुळं. वॉश, जेल, घेत असलेली गोळी, काहीही आपल्या मनानं वाढवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा.